पावणेदोन लाख माणसं नव्हतीच

लातुरात माझी मुलांची खाणावळ आहे. जूनमध्ये नीटच्या क्लाससाठी बाहेरगावची लेकरं येतात, तेव्हाच डबे लागतात. म्हणून मे महिन्यात शहराच्या नावानं इन्स्टाग्राम पेज चालवणाऱ्या एका पोराला ६,००० रुपये देऊन एक पोस्ट टाकून घेतली.

"काकू, हे बघा," म्हणत त्यानं जुन्या पोस्टचा स्क्रीनशॉट दाखवला होता. इंप्रेशन्स १,८४,०००, रीच ६१,०००, सेव्ह २,१००. मी आपली वरचा आकडा वाचून मोकळी. पावणेदोन लाख माणसं! निम्मं लातूर बघणार, असं वाटलं.

माझ्या पोस्टचा रीच आला २,३८० आणि सेव्ह ६. फोन चार आले. त्यातला एक पुण्याहून, तिकडं डबा पोचवता का म्हणून.

मग पुतणीनं समजावलं. रीच म्हणजे पोस्ट निदान एकदा तरी ज्यांच्या स्क्रीनवर आली, ती वेगवेगळी खाती. इंप्रेशन्स म्हणजे पोस्ट एकूण किती वेळा स्क्रीनवर आली. एकाच पोरानं तीनदा सरकवली तरी तीन धरतात. म्हणजे १,८४,००० भागिले ६१,००० केलं की माणशी साधारण तीन वेळा. त्या ६१ हजारांतले लातूरचे किती, हे त्या चित्रात नव्हतंच. (आता इन्स्टाग्राम इंप्रेशन्सच्या जागी 'व्ह्यूज' दाखवतं. तोही वेळांचाच आकडा, माणसांचा नाही.) रीच कधीच इंप्रेशन्सपेक्षा जास्त नसतो. तसं दिसलं तर आकडे हातानं बदललेत असं समजा.

पण इथं आकडे खोटे नव्हते. खोट वेगळीच होती. स्क्रीनशॉटचा वरचा भाग कापलेला, त्यामुळं पोस्ट कशाची ते कळत नव्हतं. लाइक आणि कमेंटचे आकडे मात्र राहिले होते. पुतणीनं पेज खाली सरकवत नेलं आणि जवळपास तेवढ्याच लाइक-कमेंटची पोस्ट काढली. पोलीस भरतीचं वेळापत्रक! ते कुणीही पुन्हा बघायला जपून ठेवणारच. सेव्ह म्हणजे तेवढंच: नंतर बघू म्हणून खूण करून ठेवली. घ्यायचं ठरवलं असा त्याचा अर्थ नाही. खाणावळीच्या पोस्टला २,१०० सेव्ह कशाला येतील?

पैसे मागितले तर म्हणाला, "मी कुठं म्हणलं एवढे गिऱ्हाईक येतील?" तेही खरंच. लिहून काही घेतलं नव्हतं.

यंदा दुसरा एकजण आला. त्याला म्हटलं, फोटो नको. व्हिडिओ कॉलवर तुझं पेज उघड, दुकान-खाणावळीची एखादी पोस्ट मी निवडते, तिथूनच इनसाइट्स दाखव, आणि फॉलोअर कुठल्या शहरातले तेही. म्हणाला, रात्री करतो. तीन आठवडे झाले, त्याची रात्र अजून व्हायचीय.