नाकाखाली मधाच्या रंगाची खपली: नुसतं मलम पुरेल की पोटातून औषध हवं?

सर्दीनं नाक गळतं, पुसून पुसून खालची कातडी सोलवटते आणि तिथून जंतू आत शिरतात. बारीक फोड फुटून पिवळसर चिकट पाणी येतं, ते वाळलं की मधासारखी खपली धरते. हा इम्पेटिगो.

अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग वस्तीतली चार वर्षांची मुलगी घ्या. नाकाखाली दोन चट्टे, ओठाच्या कोपऱ्यात एक. ताप नाही, खेळणं-खाणं नेहमीसारखं. तिला मलम पुरतं. डॉक्टर सहसा म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं मलम देतात, साधारण पाच दिवस, दिवसातून दोन-तीनदा. पण वाळलेल्या खपलीवर ते थापलं तर खालपर्यंत पोचतच नाही. कोमट साबणपाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं काही मिनिटं खपलीवर धरा, मऊ पडलेली तेवढीच अलगद पुसा, मग पातळ थर लावा. ओरबाडू नका.

हेच चट्टे गाल, हात, पोटावर पसरले असतील, मोठे पाण्याचे फोड असतील, ताप असेल किंवा घरातल्या दोघा-तिघांना एकदम झालं असेल, तर मलमाच्या मागे लागू नका. तिथे पोटातून अँटिबायोटिक लागतं, बहुधा सात दिवस, आणि डोस मुलाच्या वजनावर ठरतो. मागच्या वेळची उरलेली बाटली वापरू नका. अगदी तान्ह्या बाळाला एकच फोड असला तरी थेट डॉक्टरांकडे न्या.

तिसरा पर्याय मला सगळ्यात धोक्याचा वाटतो: चिठ्ठीशिवाय आणलेली, नायट्यावर सर्रास वापरली जाणारी मिश्र क्रीम. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली उतरते, आई निश्चिंत होते आणि आत संसर्ग पसरत राहतो. डब्यावर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं तर ती बाजूला ठेवा.

मलम लागू पडतंय का, हे तिसऱ्या दिवशी कळतं. नवा चट्टा नाही, जुने कोरडे पडतायत, तर चालू ठेवा. तसं नसेल तर परत दाखवा. अंगावर, विशेषतः बोटांच्या बेचक्यात, रात्रीची खाज असेल तर खरूजही तपासून घ्या, नाहीतर हे पुन्हा पुन्हा उलटतं.

मलम घ्या की औषध, घरातला टॉवेल मात्र दोन्हीकडे वेगळा हवाच. आपल्याकडे सोलापुरी टॉवेल दोरीवर एकच असतो आणि सगळी भावंडं त्यालाच तोंड पुसतात. तिचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, नखं कापा, मलम लावल्यावर स्वतःचे हात धुवा. उपचार सुरू होऊन किमान एक दिवस जाईपर्यंत अंगणवाडी बंद. परत पाठवताना ओले चट्टे झाकलेले हवेत.

चट्टे बरे झाल्यावरही तीन-चार आठवडे लघवीकडे लक्ष ठेवा. ती चहासारखी तपकिरी झाली किंवा सकाळी डोळ्यांखाली सूज दिसली, तर काही प्रकारच्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या.