बिछायतवाल्याचं दरपत्रक आणि शेवटचं बिल: सहा महिन्यांत तीन कामं करून आलेला अनुभव

डिसेंबरात धाकट्या बहिणीचं साक्षगंध, मार्चात नागपूरच्या महाल भागातल्या मोठ्या काकांची तेरवी आणि मे महिन्यात त्याच बहिणीची हळद. तिन्ही वेळा सामान मानेवाड्याकडच्या एकाच बिछायत केंद्रातून आणलं. नाव लिहीत नाही, कारण माणसं वाईट नाहीत आणि खाली ज्या तक्रारी आहेत त्या नागपुरात कुठल्याही बिछायतवाल्याकडे येऊ शकतात.

त्यांची पद्धत नगावर आहे. खुर्ची ९ रुपये, गादी २५, ताट ४, वाटी-पेला-चम्मच प्रत्येकी १ रुपया, मोठा गंज ४०, आणि मंडप चौरस फुटाला ९. पॅकेजवाल्यांपेक्षा हे मला पटलं, कारण जेवढं लागेल तेवढंच घ्यायचं. साक्षगंधाला दीडशे माणसं होती. गच्चीवर २० बाय ३० चा मंडप, खुर्च्या, गाद्या, भांडी असा हिशोब ८,८१० रुपये झाला. गाडीभाडं ८०० सांगितलं. मी मनात ९,६१० धरले आणि दुसऱ्या दिवशी हातात १३,६७० चं बिल आलं.

चार हजार कुठे वाढले ते बसून पाहिलं. ८०० हे एका बाजूचं भाडं होतं. माल परत न्यायचे आणखी ८००. मंडप बांधायची मजुरी चौरस फुटाच्या दरातच होती, पण खुर्च्या-गाद्या-भांडी फक्त 'दारापर्यंत' येणार होती. दुसऱ्या माळ्यावरच्या गच्चीत चढवायची, मांडायची आणि उतरवायची म्हणून चार माणसांचे २,००० लागले. उरलेले १,२६० टूटफूट आणि घटीचे: २४ चम्मच १५ रुपयांनी आणि दोन खुर्च्या ४५० नी.

गाडी आणि मजुरीचं मी समजू शकतो, चूक माझीच. विचारायला हवं होतं की भाडं जाण्यायेण्याचं आहे का, आणि माल कुठपर्यंत येणार. पण २४ चम्मच माझ्या घशाखाली उतरेनात. आमच्याकडे पंगत होती, बुफे नाही. वाढणारी पोरं घरची. एवढे चम्मच जातील कुठे?

उत्तर मार्चात मिळालं. तेरवीसाठी १५० चम्मच मागवले होते. पोतं उतरलं तेव्हा मी घरचा वजनकाटा काढला. दहा चम्मच मोजून ठेवले, वजन २३० ग्रॅम. म्हणजे दीडशेचे ३,४५० भरायला हवेत. पोत्यातला सगळा ढीग भरला ३,२२०. दहा कमी! मग एकेक करून मोजले तर १४१ निघाले (जाड-पातळ मिसळलेले होते, म्हणून वजनात एकाचा फरक). सामान घेऊन आलेला पोरगा पाहतच राहिला. म्हणाला, "भाऊ, हे पोतं काल रात्री नंदनवनच्या लग्नातून डायरेक्ट आलं, दुकानात उतरलंच नाही." माझ्यासमोर त्याने चालानवर १५० खोडून १४१ केले आणि सही केली.

खरं कारण हेच. दाट तिथी असली की माल गोदामात जातच नाही, एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जातो. मधल्या रात्री कोणी मोजत नाही, त्यामुळे आधीच्याची घट पुढच्याच्या बिलात चढते. मालकाने मुद्दाम लुबाडलं असं मी म्हणत नाही, पण मोजायची जबाबदारी तो आपल्यावर टाकतो आणि सांगत नाही. अशा मालाची ओळख सोपी आहे: ताटांच्या कडेला वाळलेलं वरण, पेल्यांना साबणाचा वास नाही, आणि गाडी ठरल्यापेक्षा तीन-चार तास उशिरा. असं दिसलं की आम्ही सगळं मोजूनच घेतो, बायकोने चहा ठेवला तरी.

खरोखर हरवतात तेही सांगतो. चम्मच खरकट्याबरोबर जातात. ताट डब्यात झाडताना खालचा चम्मच दिसत नाही. मे महिन्यात ताटं ठेवायच्या जागी आधी एक पाण्याची बादली ठेवली, चम्मच त्यात टाकायचा आणि मग ताट झाडायचं. दोनशेतले तीनच गेले.

खुर्च्यांचं प्रकरण वेगळं. प्लॅस्टिकची खुर्ची एकदम तुटत नाही. मागच्या पायाच्या वळणावर आधी पांढरी रेघ येते, मग गुळगुळीत टाईल्सवर जड माणूस मागे रेलला की पाय फाकतो आणि ती रेघ फाटते. आमच्या दोन्ही खुर्च्या तिथेच गेल्या होत्या. आता उतरवतानाच दहा-दहाची थप्पी उलटी करून पाय पाहतो, पांढऱ्या रेघेच्या बाजूला काढतो आणि फोटो बिछायतवाल्याला लगेच पाठवतो. मार्चात अशा सहा निघाल्या. त्याने कुरकुर न करता बदलून दिल्या, हे त्याच्या बाजूने लिहायला हवं. मात्र भरपाई तो नव्या खुर्चीच्या भावाने घेतो, खुर्ची पाच वर्षं जुनी असली तरी. यावर माझं त्याचं अजून जमलेलं नाही. मी एवढंच म्हटलं, "नव्याचे पैसे घेता तर मोडकी मला ठेवून जा." तेव्हापासून ४५० चे ३०० झाले.

महालातल्या गल्लीत छोटा हत्तीही शिरला नाही. गाडी चौकात थांबली आणि तिथून घरापर्यंत हातगाडी. त्याचे ४०० वेगळे लागले. जुन्या वस्तीत कार्यक्रम असेल तर गल्लीचा व्हिडिओ आधी दाखवा, आयत्या वेळची हमाली महाग पडते.

हळदीच्या दिवशी चार कूलर घेतले, ६०० नी एक. मे महिना, त्याशिवाय बसवत नाही. पण भाड्यात पाणी भरणं नव्हतं. दुपारी दोनला ताट्या कोरड्या ठण्ण आणि कूलर गरम हवा फेकून राहिला. माझा भाचा तिथे दिवसभर पाईप घेऊन बसला. पुढच्या वेळी पाण्याला एक माणूस त्यांच्याकडूनच लावून घेणार.

त्याच संध्याकाळी वादळ आलं. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून त्यांनी पाईपचे पाय पाण्याने भरलेल्या ड्रमांना बांधले होते. पश्चिमेच्या बाजूचा एक ड्रम मात्र अर्धाच भरलेला. तो सरकला आणि छताचा कपडा शिवणीवर फाटला. त्याचे ३,००० मागितले. यावेळी मी चालानवर आधीच लिहून घेतलं होतं की बांधणीतली टूटफूट त्यांची आणि वापरातली आमची. अर्ध्या ड्रमाचा फोटो दाखवला. पाच मिनिटं शांतता, मग, "राहू द्या भाऊ." पैसे घेतले नाहीत.

पाचपैकी साडेतीन देईन. दर ठीक, मंडपाचा कपडा स्वच्छ, पोरं मेहनती. कमी केले ते मोजणीसाठी आणि उशिरासाठी.

हो, आणि एक राहिलं. हळदीत आईचं नाव कोरलेलं पितळी पातेलं त्यांच्या गंजांबरोबर गाडीत गेलं. त्यांच्या भांड्यांवर लाल रंगाचा पट्टा असतो, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. तीन आठवड्यांनी मी गोदामात जाऊन शोधलं तेव्हा एका कढईत पालथं पडलेलं सापडलं, बुडाला कुणाच्या तरी लग्नातल्या भाताची खरपुडी चिकटलेली.