प्री-ऑर्डर की बॅकऑर्डर: कुठली तारीख किती खरी धरायची?

प्री-ऑर्डरची वस्तू अजून बाजारात आलेलीच नसते. तिची तारीख उत्पादक ठरवतो आणि दुकानदार फक्त ती पुढे सांगतो. बॅकऑर्डरची वस्तू बाजारात आहे, फक्त या दुकानातला साठा संपलाय. तिथली तारीख पुरवठादाराकडून माल कधी येईल, या अंदाजावर उभी असते. म्हणून प्री-ऑर्डरची तारीख ढळली की सगळ्याच दुकानांत ढळते. बॅकऑर्डरची ढळली तर तीच वस्तू दुसरीकडे मिळते का, हे आधी बघावं.

तारीख 31 डिसेंबर किंवा महिन्याचा शेवटचा दिवस असेल तर ती बहुधा रकाना रिकामा राहू नये म्हणून भरलेली असते. शिवाय ती डिस्पॅचची आहे की हातात पडण्याची, तेही वाचा.

मी एक कॅमेरा लेन्स बॅकऑर्डरवर घेतली होती, पैसे आगाऊ भरून. आधी 10 मार्च, मग 24 मार्च, मग 7 एप्रिल. दर वेळी बरोबर चौदा दिवस! खरा माल वाटेत असता तर तारीख अशी मोजून-मापून सरकली नसती. सिस्टिम नुसती ‘आज अधिक दोन आठवडे’ करत होती. मी दुकानाला दोनच प्रश्न लिहून पाठवले: पुरवठादाराने तारीख कळवली आहे का? आलेल्या पहिल्या खेपेत माझा नंबर लागतो का? उत्तर आलं, “लवकरच येईल.” मी ऑर्डर रद्द केली. त्याउलट प्री-ऑर्डरची तारीख एकदाच, कारणासकट, सहा आठवडे पुढे गेली असती तर मी थांबलो असतो. तिथे रद्द केलं की रांगेतला नंबर जातो आणि पहिली खेप बहुतेक वेळा सगळ्यांना पुरत नाही.

पैसे कधी कापतात, यावरही निर्णय फिरतो. डिस्पॅचच्या वेळी कापणार असतील तर वाट बघण्यात फारसा धोका नाही. आधीच कापले असतील तर मुदतीकडे लक्ष हवं. पेपालवर तक्रार पैसे भरल्यापासून 180 दिवसांतच करता येते, तारीख किती का ढळेना. कार्डाने भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याची, म्हणजे चार्जबॅकची मुदत साधारणपणे ठरलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात, पण तीही बँकेला विचारून घ्या. म्हणून पहिल्या तारखेचा स्क्रीनशॉट आणि प्रत्येक नवी तारीख कळवणारा ईमेल जपून ठेवा. पान बदललं की जुनी तारीख दिसत नाही.

दुसऱ्यांदा तारीख ढळली की मी लेखी कळवतो: “अमुक तारखेपर्यंत डिस्पॅच झालं नाही तर ऑर्डर रद्द समजून पूर्ण रिफंड द्या.” फोनवर बोललेलं नंतर कोणाला आठवत नाही. ऑर्डरमध्ये इतर वस्तू अडकल्या असतील तर त्या वेगळ्या पाठवायला सांगा, कारण बरीच दुकानं सगळं एकत्रच धरून ठेवतात.