वजन उतरण्याचा वेग टक्क्यांत मोजताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आम्ही दोघे राहतो. गेले काही महिने घरातला साधा डिजिटल काटा आणि संगणकावरचा एक तक्ता यांच्या आधारे आम्ही आमचे वजन उतरवत आहोत. काट्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. तो गादीवर किंवा पायपुसण्यावर न ठेवता फरशीवर ठेवावा आणि सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी त्यावर उभे राहावे, एवढे पुरते. हा अनुभव आहे तो आठवड्याची घट किलोत न मांडता शरीराच्या वजनाच्या टक्क्यांत मांडण्याच्या पद्धतीचा.

प्रौढांसाठी आठवड्याला साधारण अर्धा ते एक टक्का ही सुरक्षित घट मानली जाते. 'आठवड्याला एक किलो' हे आपल्याकडचे लोकप्रिय उद्दिष्ट या मापाला लावून पाहिले की त्यातली गोम कळते. माझ्या यजमानांचे वजन ९२ किलो असताना एक किलो म्हणजे १.०९ टक्के, जे मर्यादेच्या काठावर आहे. माझ्या ६१ किलोंना तोच एक किलो १.६४ टक्के पडतो. अर्धा किलो मात्र त्यांना ०.५४ आणि मला ०.८२ टक्के, म्हणजे दोघांनाही पेलणारा. एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांच्या आकड्यांशी स्पर्धा करू नये, हे आम्हाला या भागाकाराने जितके पटले तितके उपदेशाने पटले नसते.

गणित सोपे आहे: जुन्या वजनातून नवे वजा करायचे, उत्तराला जुन्या वजनाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. अडचण येते ती कोणते वजन घ्यायचे यात. रविवारी मिसळ खाल्ली की सोमवारी काटा सहज पाऊण किलो जास्त दाखवतो. ते मिठामुळे थांबलेले पाणी आणि पोटातले अन्न असते, चरबी नव्हे. म्हणून रोज वजन नोंदवून सात दिवसांची सरासरी काढावी आणि सरासरीचीच तुलना करावी.

स्त्रियांसाठी तेवढ्यानेही भागत नाही. माझ्या ओळीने पाच आठवड्यांच्या सरासऱ्या ६१.२, ६०.८, ६०.५, ६०.९ आणि ५९.८ अशा आल्या. चौथ्या आठवड्यात पाळी जवळ आल्यामुळे शरीरात पाणी साठले होते. निव्वळ आठवड्याचा हिशेब केला तर चौथ्या आठवड्यात ०.६६ टक्के वाढ दिसते आणि पाचव्यात १.८१ टक्के घट, म्हणजे आधी निराशा आणि मग धास्ती, आणि दोन्ही निष्कारण. पहिल्या आणि पाचव्या आठवड्याची, म्हणजे चक्रातल्या जवळपास एकाच टप्प्याची, तुलना केली की चित्र स्पष्ट होते: १.४ भागिले ६१.२ म्हणजे २.२९ टक्के, आणि त्याला चारने भागून आठवड्याला ०.५७ टक्के. रोजचे वजन दुसऱ्या ओळीपासून `B` स्तंभात आणि दर सात दिवसांची सरासरी त्यांच्या शेवटच्या ओळीत `C` स्तंभात ठेवली, तर सूत्रे अशी होतात:

```
C8:  =AVERAGE(B2:B8)
C36: =AVERAGE(B30:B36)
D36: =(C8-C36)/C8/4*100
```

यजमानांची सरासरी अशाच चार आठवड्यांत ९२.४ वरून ८९.७ वर आली, तेव्हा त्यांचा वेग ०.७३ टक्के निघाला. त्याआधीचा, म्हणजे अगदी सुरुवातीचा, आठवडा मी यात मुद्दाम धरलेला नाही. त्या आठवड्यात ९४.५ चे ९२.९ झाले होते, म्हणजे १.६९ टक्के, आणि ते फार खूश होते. पोळी-भात कमी केला की यकृत व स्नायूंतला ग्लायकोजनचा साठा उतरतो आणि त्याला धरून असलेले पाणीही जाते, म्हणून सुरुवातीची घट नेहमीच फुगलेली असते. ती सोडूनही वेग सलग काही आठवडे एक टक्क्याच्या वर राहिला, तर आहार वाढवावा. फार झपाट्याने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि चरबीबरोबर स्नायूही अधिक झिजतात.

टक्केवारीचा मला आवडलेला गुण असा की उद्दिष्ट आपोआप लहान होत जाते. पाऊण टक्का म्हणजे ९२ किलोंना सुमारे ६९० ग्रॅम, पण ८२ किलोंना ६१५ ग्रॅमच. त्यामुळे पुढे किलोतली घट मंदावली तरी ती अपयश वाटत नाही. उणीव म्हणाल तर काय घटले, चरबी की स्नायू, हे हा आकडा सांगत नाही. त्यासाठी आम्ही बेंबीपाशी टेपने कंबर मोजतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर वेग सुरक्षित टप्प्यात असूनही साखर खाली जाऊ शकते, तेव्हा औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. गरोदर स्त्रिया आणि वाढती मुले यांच्यासाठी हे माप नाहीच.