तक्रारवही की प्रत्येक मुलाची वेगळी फाइल?

दापोलीकडच्या एका मुख्याध्यापिकाबाईंना बालसंरक्षणाच्या नोंदींबाबत हा प्रश्न पडला आहे.

पानांवर क्रमांक असलेल्या बांधीव वहीतलं पान गुपचूप काढता येत नाही. पण गोपनीयतेत ती कमी पडते. समजा, सातवीतल्या मुलीने रिक्षावाल्याचा त्रास सांगितला. पुढची नोंद करणारा तेही वाचणार, आणि गावात रिक्षावाला सगळ्यांच्या ओळखीचा. फाइलमध्ये तिचे शब्द जसेच्या तसे, तारीख, वेळ, सही. फाइलच्या कपाटाची किल्ली फक्त नेमलेल्या शिक्षिकेकडे. मात्र सुटा कागद गहाळ होऊ शकतो.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर नोंद कुठेही असो, पोक्सो कायदा २०१२ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. आधी शाळेची चौकशी नको.

चार शिक्षकांच्या शाळेला फाइल बरी. मोठ्या शाळेने वहीत फक्त क्रमांक व तारीख लिहावी, तपशील फाइलमध्ये.