हँडिकॅपचा ‘पक्का तक्ता’: तीन हजारांचा कागद आणि नऊ हजार सहाशेंचा खड्डा

नागपुरात स्नूकरच्या टेबलांभोवती सध्या हँडिकॅपच्या पैजेचे रास्त भाव सांगणारा एक तक्ता तीन हजारांना फिरतोय. विकणारा आणि भाव देणारा बुकी एकमेकांच्या ओळखीतले असतात, हे गिऱ्हाइकाला फार उशिरा कळतं. तक्त्यातले गुणाकार बरोबर असतात, मेख असते ती पहिल्याच आकड्यात.

सदर भागातल्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. मॅच ९ फ्रेमची, म्हणजे आधी ५ फ्रेम जिंकेल तो विजयी. बाजारात मॅचचा भाव, म्हणजे जिंकल्यास रुपयामागे परत मिळणारे रुपये, सरस खेळाडूला १.३० आणि दुसऱ्याला ३.५०. उलटे करून बेरीज केली की ०.७६९ अधिक ०.२८६, म्हणजे १.०५५. वरचे साडेपाच टक्के बुकीचे. ते काढले की सरस खेळाडूची मॅच जिंकायची शक्यता उरते ७३ टक्के.

तक्तेवाल्याने हेच ७३ टक्के ‘एक फ्रेम जिंकायची शक्यता’ म्हणून भरले. त्यावरून -२.५ हँडिकॅपची शक्यता, म्हणजे मॅच ५-०, ५-१ किंवा ५-२ अशी जिंकण्याची, ७१ टक्के निघते आणि रास्त भाव पडतो १.४०. बुकी देतो १.९०. पोराला वाटलं, बाप्पा, हा तर फुकट पैसे वाटून राहिलाय!

खरं तर मॅच ७३ टक्के जिंकायला प्रत्येक फ्रेम फक्त ६० टक्के जिंकावी लागते. फ्रेममधली थोडीशी सरशी लांबच्या मॅचमध्ये फुगते, म्हणून हे दोन आकडे कधीच एक नसतात (अपवाद एकाच फ्रेमच्या मॅचचा आणि अगदी बरोबरीच्या खेळाडूंचा). ६० टक्क्यांवरून निकाल असे येतात: ५-० चे ७.८ टक्के, ५-१ चे १५.६, ५-२ चे १८.७, ५-३ चे १७.४ आणि ५-४ चे १३.९. पहिल्या तिघांची बेरीज ४२, म्हणजे -२.५ चा रास्त भाव २.३८. तिथे १.९० घेणं म्हणजे रुपयामागे वीस पैसे बुकीच्या ताटात वाढणं. या पोराने अशाच भावांच्या वीस मॅचवर दोन-दोन हजार लावले, आठ जिंकल्या. चाळीस हजार गेले, तीस हजार चारशे परत आले. तक्तेवाला म्हणाला, नशीब खराब. नशीब अगदी ठरल्याप्रमाणे वागलं होतं, कारण ४२ टक्क्यांनी वीसपैकी साधारण आठच येतात.

आकडा स्वतः काढायला एक्सेलची एक ओळ पुरते. पहिला अंक समोरच्याला जास्तीत जास्त किती फ्रेम द्यायच्या तो, दुसरा जिंकायला लागणाऱ्या फ्रेमचा, तिसरी एका फ्रेमची शक्यता:

```
=NEGBINOM.DIST(4,5,0.6,TRUE)+N("मॅच: 0.733")
=NEGBINOM.DIST(2,5,0.6,TRUE)+N("-2.5: 0.420")
```

पहिल्या ओळीतला 0.6 कमी-जास्त करत राहा. उत्तर बाजारातल्या ७३ टक्क्यांशी जुळलं की तोच फ्रेमचा आकडा, मग त्यावरूनच हँडिकॅप काढा. लबाड तक्ता ओळखायचीही हीच युक्ती आहे. त्यातला फ्रेमचा आकडा, इथे 0.73, पहिल्या ओळीत टाका. उत्तर येतं ९३ टक्के. तसं असतं तर मॅचचा भाव १.०७ च्या आसपास असता, १.३० नव्हे.

एकूण फ्रेमच्या बाजारातही तेच घडतं, पण कमी उघड. ७.५ च्या खाली म्हणजे मॅच सात फ्रेममध्ये संपणं, आणि त्यात समोरच्याने ५-०, ५-१, ५-२ जिंकणंही मोजावं लागतं. ते विसरणारे पुष्कळ. ६० टक्क्यांवर त्याचे ९.६ टक्के होतात आणि एकूण ५१.६, म्हणजे रास्त भाव १.९४. तक्ता ७३ टक्के सांगतो, म्हणून १.७५ भावही उदार वाटतो, आणि रुपयामागे दहा पैसे जातात.

‘दिवसाचा फॉर्म धरला तर हँडिकॅप वाढतो’ असं उत्तर तक्तेवाल्याकडून मिळेल. अर्धं खरं आहे. सरस खेळाडू कधी ५० टक्क्यांवर, कधी ७० वर खेळतो असं समान वाटून धरलं, तर -२.५ ची शक्यता ४२ वरून ४४ टक्के होते. ७१ होत नाही.

पैसे परत मागायला गेलात तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० आडवं येतं. पैजेचा करार रद्दबातल असतो, न्यायालयात वसूल होत नाही. बुकीकडे पैज लावणं हाही गुन्हा ठरू शकतो, आणि तक्तेवाल्याचा धंदा त्या भीतीवरच चालतो. तीन हजार ऑनलाइन पाठवले असतील, तर स्क्रीनशॉट जपून ठेवून १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.