क्रॅनबेरी कॅप्सूल: काही महिने घेतल्यावर, आणि मुख्यतः लेबलवरच्या त्या ५०० मि.ग्रॅ.बद्दल

वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्यांना या त्रासाची ओळख करून द्यायला नको. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला की डॉक्टर त्याला ‘रिकरंट’ म्हणतात. मी त्या यादीत केव्हाच बसले होते, म्हणूनच पुढचा संसर्ग टाळायला ही बाटली घेतली. कॅप्सूल गिळायला सोपी आहे, पोटाला त्रास नाही, वास नाही. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे आणि ती मी सविस्तर मांडणार आहे.

बाटलीवर ठसठशीत लिहिलंय: ‘५०० मि.ग्रॅ. क्रॅनबेरी अर्क’. त्याखाली बारीक अक्षरात, हे अमुक इतक्या ताज्या फळाइतकं. वाचून बरं वाटतं. पण काम करणारा घटक कुठला, तर प्रोअँथोसायनिडिन, थोडक्यात पीएसी, आणि त्यातही ‘ए’ प्रकारचं. त्याचा आकडा बाटलीवर कुठेच नाही. म्हणजे पोत्याचं वजन सांगितलं, आत दाणे किती नि फोलपटं किती ते सांगितलं नाही.

पीएसीचं महत्त्व असं. लघवीच्या बहुतेक संसर्गांमागे ई. कोलाय हा जंतू असतो. तो मूत्रमार्गातून वर सरकतो आणि बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. चिकटलाच नाही तर लघवीबरोबर धुऊन निघून जातो. क्रॅनबेरीतलं पीएसी या चिकटण्यात अडथळा आणतं. ते जंतू मारत नाही. ‘लघवी आम्ल होते म्हणून जंतू मरतात’ हे जुनं स्पष्टीकरण अजून ऐकू येतं, पण नेहमीच्या मात्रेत लघवी तेवढी आम्ल होत नाही.

दिवसाला ३६ मि.ग्रॅ. पीएसी हा आकडा सगळीकडे दिसतो, तो मी खणून काढला. निरोगी लोकांना वेगवेगळी मात्रा देऊन त्यांची लघवी गोळा केली आणि त्या लघवीत ई. कोलाय पेशींना किती चिकटतो ते पाहिलं. मात्रा वाढली तसं चिकटणं कमी झालं. चोवीस तासांकडे जाताना परिणाम ओसरतो, आणि ७२ मि.ग्रॅ. घेतल्यावर तो जास्त टिकला. म्हणजे आकड्याला आधार आहे, पण तो प्रयोगशाळेतला. शिवाय मोजण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत आणि त्याच पावडरीचे वेगळे आकडे देतात. म्हणून लेबलवर ‘३६’ बरोबर बीएल-डीमॅक असं पद्धतीचं नावही हवं.

कंपनीला मेल केला: यात पीएसी किती? उत्तर: ‘आमचं उत्पादन उच्च दर्जाच्या फळापासून बनतं.’ पुन्हा विचारलं, कोणत्या पद्धतीने मोजता? उत्तर: ‘ही माहिती गोपनीय आहे.’ फोन केला तर ताई फार गोड बोलल्या, आणि शेवटी विचारलं, ‘मॅडम, आणखी एक बाटली ऑर्डर करू का?’ मी कंजूष आहे, त्यामुळे हे वाक्य मला अजून झोंबतंय.

इथवर माझं मत झालं होतं की हे सगळं थोतांड आहे. मग आधीचे निष्कर्ष वाचले आणि मत थोडं बदललं. कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासून ठोस फायदा दिसत नाही असं म्हटलं होतं. २०२३ मध्ये तेच काम पुन्हा केलं. यावेळी ५० अभ्यास होते, आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये लक्षणं असलेल्या, कल्चरने म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीने सिद्ध झालेल्या संसर्गाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसला. लहान मुलांमध्येही फायदा दिसला. मात्र संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांत, गरोदर स्त्रियांत आणि मूत्राशय पूर्ण रिकामं न होणाऱ्यांत फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामकाने २०२० मध्ये क्रॅनबेरीने वारंवार होणाऱ्या संसर्गाचा धोका कमी होतो असा दावा करायला परवानगी दिली, पण ‘मर्यादित पुरावा’ हे शब्द घालूनच. रसासाठी तर ‘मर्यादित आणि विसंगत’.

हे २६ टक्के नीट समजून घ्या. दहा जणींना पुढच्या काळात संसर्ग होणार असेल तर साधारण सात-आठ जणींना होणारच. कोणाचा टळला ते कळत नाही. मला या महिन्यांत त्रास कमी झाला, पण त्याच सुमारास मी पाणीही वाढवलं होतं. कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांवरच्या २०१८ च्या अभ्यासात रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्यांचे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले होते. तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं? पाण्याला लेबल नसतं, हा त्याचा मोठा गुण.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसले तो. कॅप्सूल नियमित चालू असताना एके सकाळी जळजळ सुरू झाली, दर पंधरा-वीस मिनिटांनी जावं लागत होतं आणि चार थेंब येत होते. त्याच गोड बोलणाऱ्या मदतक्रमांकावर सल्ला मिळाला: ‘तीन दिवस डोस दुप्पट करा.’ हा सल्ला चुकीचा आहे. चिकटायच्या आधी अडवणारी गोष्ट चिकटून वाढलेल्या जंतूंना उपटून काढत नाही. मी औषध सुरू करण्याआधी कल्चरला नमुना दिला. पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत. रिपोर्टमध्ये ई. कोलाय, एक लाखाच्या वर कॉलनी, आणि खाली कोणती अँटिबायोटिक चालतील नि कोणती नाहीत याची यादी. मागच्या वेळी चाललेलं एक औषध यावेळी ‘रेझिस्टंट’ होतं. डॉक्टरांनी यादीतलं नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस दिलं, दोन दिवसांत जळजळ गेली.

मी विचारलं, ‘डॉक्टर, कॅप्सूल घेत असून झालं कसं?’ ते म्हणाले, ‘अहो, सगळे ई. कोलाय त्याच तंतूने चिकटत नाहीत, आणि दुसरे जंतूही असतात. ती घ्या, पण जळजळ झाली की तिच्यावर विसंबू नका. आणि थंडी वाजून ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो.’

आणखी दोन गोष्टी त्यांनीच विचारल्या: रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू आहे का, आणि मुतखडा झाला होता का? दोन्हींपैकी काही असेल तर कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांनी योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनबद्दलही विचारावं. तो उपाय वेगळा आहे आणि त्याला पुरावा आहे.

सासूबाईंना ही बाटली द्यायची नाही, असं मात्र मी ठरवलं. त्यांच्या रिपोर्टमध्ये जंतू येतात, त्रास काही नसतो. अशा वेळी बहुतेकदा उपचारच लागत नाहीत. २०१६ मध्ये वृद्धाश्रमांतल्या १८५ स्त्रियांना वर्षभर रोज ७२ मि.ग्रॅ. पीएसी असलेल्या कॅप्सूल किंवा नकली कॅप्सूल देऊन पाहिल्या होत्या. लघवीतल्या जंतूंत फरक पडला नाही.

ही बाटली संपेपर्यंत घेईन, टाकून द्यायचा माझा स्वभाव नाही. पुढची मात्र पीएसी आणि मोजण्याची पद्धत दोन्ही लिहिलेली असेल तरच. सहा महिने बघेन. तेवढ्यात संसर्ग पूर्वीइतकाच होत राहिला तर बंद करून रोजच्या प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलेन. तीन तारे दिलेत. एक तारा त्या ‘दुप्पट करा’ वाल्या सल्ल्यापायी कापला, एक लेबलपायी.